चूक झाली, की चूक केली?

आषाढी एकादशीचा रविवार होता, ६ जुलै २०२५. सकाळी साडेनऊच्या सुमारास साताऱ्यातल्या एका घरात काकूंनी उपवासाच्या भाजणीचं थालीपीठ तव्यावर टाकलं. पीठ मळताना रंग जरा तपकिरी वाटला होता, पण राजगिरा जास्त पडला असेल असं त्यांना वाटलं. त्यात दाण्याचं कूट घातलं होतं, हिरवी मिरची आणि उकडलेला बटाटाही. पहिलं थालीपीठ उतरवून त्यांनी काकांच्या ताटात वाढलं आणि दुसरं तव्यावर टाकलं. ते तापायला लागलं तसा धण्याचा वास आला. उपवासाच्या भाजणीत साबुदाणा, वरी, राजगिरा आणि जिरं असतं, धणे नसतात. काकूंनी मागे वळून पाहिलं तोवर काकांचे दोन घास खाऊन झाले होते.

ती भाजणी ज्या दुकानातून आली, त्याचे हिशेब मी गेली कित्येक वर्षं लिहिते. काकूंचं तिथे महिन्याचं सामान असतं. यादी मोबाइलवर येते, सामान घरपोच जातं आणि पैसे बंगळूरला असलेला मुलगा त्याच्या फोनवरून भरतो. काकूंनी रविवारी दुपारी दुकानात फोन केला. मालकांनी यादी आणि बिल काढून पाहिलं, तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. शेंगदाणा तेलाच्या पाच लिटरच्या डब्याऐवजी सोयाबीन तेलाचा डबा गेला होता. तो अजून न उघडता फळीवरच होता, म्हणून काकूंच्या लक्षात आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी हिशेबाला बसले, तेव्हा मालकांनी माझ्यापुढे दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलेला एक कागद ठेवला. ‘वहिनी, हे बरं वाटतंय का बघा.’ त्यावर लिहिलं होतं: ‘मुलाच्या गडबडीमुळे सामानात काही अदलाबदल झाली असल्यास क्षमस्व. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तरी कृपया माल दुकानात आणून बदलून न्यावा.’

या मालकांना मी ओळखते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, रात्री जेवणही धड गेलं नव्हतं. तरीही कागदावर जे उतरलं त्यात ते वाईट वाटणं कुठेच दिसत नव्हतं. असं पत्र आपल्याकडे सहज लिहिलं जातं, कारण या वाक्यांचा साचा सगळ्यांच्या हाताशी तयार असतो. बँकेची नोटीस, सोसायटीचं पत्रक, पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना, सगळीकडे हीच भाषा असते आणि लिहायला बसलं की तीच हाताला लागते.

त्यातले दोन शब्द मी आधी खोडले. पहिला ‘असल्यास’. चूक झाली की नाही याबद्दल दुकानात कुणाला शंका नव्हती, बिल आणि यादी समोर होती. मग ‘झाली असल्यास’ लिहिलं की काकूंना वाचताना वाटणार, यांचा अजून माझ्यावर विश्वास नाही. दुसरा शब्द ‘मुलाच्या’. सामान बांधणारा पोरगा दोन महिन्यांपूर्वी लागलेला. डबा त्याने काढला हे खरं, पण काकूंचा व्यवहार त्या पोराशी नाही. त्यांनी पैसे दुकानाला दिले आणि भरवसाही दुकानावर ठेवला. पत्रात नोकराचं नाव आलं की मालक स्वतः मागे सरकल्यासारखा वाटतो. शिवाय त्या पोराला पुढच्या महिन्यात त्याच दारात सामान घेऊन जायचं असतं.

मग ‘झाली’ या क्रियापदाशी थांबले. मराठीत ‘चूक झाली’ म्हणताना कर्त्याचं नाव घ्यावं लागत नाही. पाऊस पडला, दिवे गेले, तसं ‘चूक झाली’. ‘आमच्याकडून चूक झाली’ म्हटलं की निदान कुणाकडून ते कळतं. आणि ‘आम्ही चुकीची वस्तू दिली’ असं लिहिलं की कर्ता समोर येतो, क्रिया काय होती तेही कळतं. माफीचं पत्र लिहिताना मला हे तिसरं वाक्य हवं असतं. ते लिहायला जड जातं, पण वाचणाऱ्याला त्यातच काहीतरी मिळतं. त्यातलं ‘चुकीची वस्तू’ हेही पुढे स्पष्ट करायला हवं: काय मागवलं होतं आणि काय दिलं. ‘काही अदलाबदल’ या शब्दांत सगळंच गुंडाळलं जातं.

‘गैरसोय’ हा शब्दही या घरासाठी फार लहान होता. साखर संपली आणि दुकान बंद असेल तर गैरसोय. वर्षभर काका आषाढी आणि कार्तिकी सोडत नाहीत, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन घासांनी उपवास मोडतो की नाही, यावर दोघांचं काय म्हणणं होतं ते त्यांच्या घरातलं, आपण त्यात पडायचं नाही. पण काकूंना फोनवर रडू आलं होतं हे खरं. त्याला ‘गैरसोय’ म्हणणं म्हणजे ते ऐकलंच नाही असं सांगणं.

इतकं बोलून झाल्यावर मालक म्हणाले, ‘मग मी स्वतःच जाऊन भेटतो ना, पत्र कशाला?’ भेटायला ते गेलेच, आणि जायलाच हवं होतं. पण पत्राचं काम वेगळं आहे. तोंडी बोलताना माणूस ‘काही काळजी करू नका, सगळं करतो’ म्हणतो, आणि नेमकं काय करणार ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. किती पैसे परत, कुणाच्या खात्यात, कोणत्या दिवशी, डबा कोण नेणार, हे कागदावर असलं की काकूंना पुन्हा विचारायची वेळ येत नाही. पैसे भरणारा मुलगा बंगळूरला. त्याला आई फोनवर काय सांगणार? तो पत्राचा फोटो वाचू शकतो. आणि माझ्यासारख्या हिशेब लिहिणारीलाही वर्षाअखेरीस तोच कागद लागतो.

आता बदली आणि परतावा. दोन वस्तू चुकल्या होत्या, पण दोन्हींना एकच उपाय लागू पडत नव्हता.

तेलाचा डबा सीलबंद होता आणि काकूंना शेंगदाणा तेल अजूनही हवं होतं. तिथे बदलीच योग्य. भाजणीचं तसं नव्हतं. पाकीट उघडलेलं होतं, पाव किलोच्या आसपास पीठ वापरलं गेलं होतं, आणि मुख्य म्हणजे ज्या दिवसासाठी ती मागवली तो दिवस निघून गेला होता. मंगळवारी उपवासाची भाजणी घरी पोचवून दुकानदाराला बरं वाटेल, काकूंचा काय उपयोग? तिथे पैसेच परत द्यायचे. बदली द्यायची की परतावा, हे दुकानदाराच्या सोयीवर ठरवलं की पत्र फसतं. दुकानदाराला बदली नेहमीच सोयीची असते, कारण पैसे गल्ल्यात राहतात.

मालकांनी तेवढ्यात एक शंका काढली, आणि ती अगदी रास्त होती. पाव किलो वापरलं आहे, मग पूर्ण पैसे कसे द्यायचे? बाकीचं पाऊण किलोही आता कुणाला विकता येणार नाही, म्हणजे नुकसान दोन्हीकडून. इथे १९३० चा माल विक्री कायदा कामाला येतो. जुना कायदा आहे, पण दुकानातल्या रोजच्या व्यवहाराला तो अजून लागू आहे. वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, असं त्याच्या पंधराव्या कलमात आहे. बिलावर ‘उपवासाची भाजणी’ लिहिलं, तर पाकिटात तीच हवी. वस्तू वापरली की ती स्वीकारली असं एरवी धरलं जातं. पण त्याच कायद्यात असंही आहे की, आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असं मानायचं नाही. भाजणी बंद पाकिटात येते, आणि तिच्यात धणे आहेत की नाहीत हे तवा तापल्याशिवाय कळत नाही. काकूंनी कळल्याच्या दिवशीच फोन केला होता. अशा वेळी वापरलेल्या पाव किलोचे पैसे कापून घेणारा दुकानदार पासष्ट रुपये वाचवतो आणि महिन्याचं सामान नेणारं घर गमावतो.

मूळ पत्रातलं शेवटचं वाक्य, ‘माल दुकानात आणून बदलून न्यावा’, हेही त्या कायद्याला धरून नव्हतं. नाकारलेला माल परत आणून देणं ग्राहकावर बंधनकारक नाही. ‘हा माल मला नको’ एवढं कळवलं की पुरे, असं त्याचं त्रेचाळिसावं कलम सांगतं. डबा आणायला दुकानातूनच माणूस गेला पाहिजे आणि त्याचे वेगळे पैसे लावायचे नाहीत. पाच लिटर तेलाचा डबा साडेचार किलोच्या पुढे भरतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईने तो जिन्यावरून उतरवून आणावा, असं आपण पत्रात लिहीत होतो, हे मालकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी स्वतःच ते वाक्य खोडलं.

अनेक दुकानांत गल्ल्यावर अजून पाटी असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. काही जणांच्या बिलाच्या तळाशीही ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी दिली आहे, तिच्यात सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत द्यायला नकार देणं हीदेखील एक प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, आणि काही लिहिलं नसेल तर ३० दिवस. ठरलेल्या गोष्टीपेक्षा कमी किंवा वेगळी वस्तू देणं यालाही त्या कायद्यात दोषच म्हटलं आहे. मनातून आवडलं नाही म्हणून साडी बदलून मागणं ही निराळी बाब, तिथे दुकानाचा नियम चालतो. पण मागवलं एक आणि दिलं दुसरं, अशा वेळी ती पाटी दाखवता येत नाही. आमच्या या दुकानातही ती पाटी होती. त्या सोमवारी मालकांनी ती काढून टाकली. मला त्याचा फार आनंद झाला, आणि तो मी त्यांना सांगितलासुद्धा.

आकडे आता मांडते. बिलात उपवासाची भाजणी एक किलो २६० रुपये आणि शेंगदाणा तेल पाच लिटर ९५० रुपये लावले होते. प्रत्यक्षात गेलेल्या सोयाबीन तेलाच्या डब्याची किंमत ७२० रुपये. म्हणजे काकूंकडून तेलाचे २३० रुपये जास्त घेतले गेले होते. भाजणीचे सगळे २६० परत. तेलाचा डबा बदलून घ्यायचा असेल तर कुणी कुणाला काही देणं लागत नाही. तोच डबा ठेवून घ्यायचा असेल तर २३० रुपये परत. तेल दुसरीकडून घ्यायचं असेल तर डबा परत आणि ९५० रुपये परत. तीन वाटा, तीन आकडे, निवड काकूंची. पत्रात आकडा रुपयांत लिहायचा, ‘योग्य ती रक्कम’ असं कधीच लिहू नये. आपल्याला किती पैसे मिळणार आहेत, हे ग्राहकाला विचारावं लागू नये.

पैसे कुणाला परत करायचे, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. मालक सहज म्हणाले, ‘खात्यात जमा करून टाकू, पुढच्या महिन्यात वळते होतील.’ नेहमीच्या ग्राहकाच्या बाबतीत दुकानदाराला हेच सुचतं आणि पुष्कळांना ते चालतंही. पण खात्यात जमा म्हणजे परतावा नव्हे. पुढच्या महिन्यात याच दुकानात यायची अट त्याच्या आत दडलेली असते. हे ग्राहकाने आपणहून सांगितलं तर ठीक, दुकानाने गृहीत धरू नये. दुसरी गोष्ट, पैसे मुलाच्या खात्यातून आले होते. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जाणं केव्हाही सरळ. दुकानाच्या पेमेंट ॲपमध्ये मूळ व्यवहार उघडून तिथूनच परतावा दिला की पैसे आपोआप त्या खात्यात जातात. तसं न करता दुसऱ्या नंबरवर पाठवायचे असतील, तर पाठवण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव ग्राहकाला विचारून ताडून पाहायचं. दोन्ही वेळी बारा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो, तो पत्रावर लिहायचा.

या कागदात एक ओळ घालायचा आग्रह मी धरला. परताव्याच्या नावाखाली फसवणूक करणारे फोन वडीलधाऱ्या माणसांना येतात. ‘तुमचा रिफंड आलाय, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’, असं सांगतात आणि उलट पैसे काढून घेतात. पैसे मिळायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. ज्या घराला आपण परताव्याचं पत्र पाठवतो, त्याच घराला त्या आठवड्यात असा फोन आला तर त्यांना तो खरा वाटण्याचा संभव जास्त. म्हणून ती ओळ पत्रातच हवी.

कारण सांगायचं की नाही, यावर आमचं थोडं बोलणं झालं. मालकांना भीती होती की कारण दिलं की सबब वाटेल. मला वाटतं, फरक कारणाच्या लांबीत आणि टोकात असतो. ‘सणाची गर्दी होती, माणसं कमी होती, पाऊस होता’ ही सबब. चूक कुठल्या जागी झाली आणि ती जागा आता कशी बंद केली, हे दोन वाक्यांत सांगणं म्हणजे कारण. आम्ही दोघं उठून फळीपाशी गेलो. दोन्ही भाजण्या एकाच बचत गटाच्या, एकाच मापाच्या पारदर्शक पाकिटांत, आणि दोन्हींच्या पांढऱ्या स्टिकरवर वर मोठ्या अक्षरांत ‘भाजणी’. ‘उपवासाची’ हा शब्द खाली घटक पदार्थांच्या ओळीच्या वर, बारीक. पाकिटं एकावर एक रचलेली. तिथे उभं राहिल्यावर त्या पोरावर रागवायचं कारणच उरलं नाही, माझाही हात चुकला असता. तेलाचं वेगळं होतं. बिल मालकांनी यादी पाहून केलं, डबा पोराने तोंडी ऐकून काढला, आणि बांधलेलं सामान बिलाशी कुणी ताडून पाहिलं नाही. सोयाबीनचा आणि शेंगदाण्याचा डबा एकाच कंपनीचा असला की रंगही जवळजवळ सारखा असतो.

शेवटी पत्र असं झालं. मालकांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि दुकानाचा शिक्का मारला.

‘७ जुलै २०२५

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार. शुक्रवारी, ४ जुलैला आम्ही तुमच्याकडे पाठवलेल्या सामानात दोन वस्तू चुकीच्या दिल्या. तुम्ही उपवासाची भाजणी मागवली होती, आम्ही थालीपिठाची दिली. शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा मागवला होता, आम्ही सोयाबीनचा दिला. बिल मात्र तुम्ही सांगितलेल्या वस्तूंचंच लावलं. ही चूक माझ्या दुकानाची, म्हणजे माझी आहे.

त्या भाजणीमुळे काकांचा आषाढीचा उपवास मोडला. त्याची भरपाई पैशांनी होणार नाही, हे मला कळतं. मी तुम्हा दोघांची मनापासून माफी मागतो.

दोन्ही भाजण्या एका फळीवर ठेवल्या होत्या आणि बांधलेलं सामान मी बिलाशी ताडून पाहिलं नाही. आता उपवासाच्या वस्तूंची फळी वेगळी केली आहे, आणि तुमचं सामान निघण्याआधी मी स्वतः बिलावर खूण करीन.

भाजणीचे २६० रुपये आज तुमच्या मुलाच्या खात्यात परत केले आहेत. त्यांनी ज्या खात्यातून बिल भरलं होतं, त्याच खात्यात ते गेले आहेत. संदर्भ क्रमांक खाली लिहिला आहे. उरलेली भाजणी परत करायची गरज नाही.

तेलाचा डबा घेऊन आमचा माणूस बुधवारी, ९ जुलैला सकाळी दहा ते अकरा या वेळात येईल आणि सोयाबीनचा डबा घेऊन जाईल. सोयाबीनचाच ठेवायचा असेल तर फरकाचे २३० रुपये परत देईन. दोन्ही नको असतील तर डबा परत घेऊन ९५० रुपये देईन. तुम्हाला जे सोयीचं असेल ते त्याला किंवा मला फोनवर सांगा.

या पैशांसाठी आम्ही तुम्हाला कधीही पिन किंवा ओटीपी विचारणार नाही, कोड स्कॅन करायला सांगणार नाही. तसा फोन आला तर तो आमचा नाही.

आपला’

खाली सही आणि संदर्भ क्रमांक. दोन ठिकाणी मी मालकांना थांबवलं होतं. त्यांना शेवटी ‘पुन्हा असं कधीच होणार नाही’ असं लिहायचं होतं. दुकानात रोज साठ-सत्तर पुडकी बांधली जातात, असं वचन कुणीही देऊ शकत नाही. ‘मी स्वतः बिलावर खूण करीन’ हे पाळता येण्यासारखं आहे, आणि पाळलं की नाही हे काकूंना बिल पाहून कळतं. दुसरं, माफी म्हणून त्यांना एक किलो साजूक तूप पाठवायचं होतं. भेट द्यायला हरकत नाही, पण त्याच पिशवीत नको. परताव्याबरोबर भेट आली की ती तोंड बंद करायला दिल्यासारखी दिसते. दिवाळीला द्या म्हटलं.

पत्राला जोडून एक छोटा कागद मी तयार केला, क्रेडिट नोट. मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, परत केलेली वस्तू आणि रक्कम एवढंच त्यात असतं. दुकान जीएसटीत नोंदलेलं असलं तर पैसे परत केल्यावर ही नोट काढावीच. विकल्याचा कर आपण आधीच हिशेबात धरलेला असतो. नोट नसेल तर परत केलेल्या पैशांवरचाही कर दुकानदाराला भरावा लागतो. ती विवरणपत्रात दाखवायची मुदत त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, पण मी तेवढं थांबत नाही, त्याच दिवशी काढते. एक प्रत ग्राहकाला द्यायची. वर्षभराने ‘ते पैसे मिळाले होते का हो?’ असा प्रश्न आला, तर दोघांकडे उत्तर असतं.

सगळी प्रकरणं इतकी सरळ नसतात, हेही सांगायला हवं. तेलाचा डबा काकूंनी उघडला असता तर तो दुकानाला परत विकता आला नसता. तरी बदलून द्यावाच लागला असता, फक्त नुकसान दुकानाच्या माथी आलं असतं. उलट, काकूंनी यादीत नुसतं ‘भाजणी’ लिहिलं असतं आणि दुकानाने थालीपिठाची दिली असती, तर चूक वाटून गेली असती. तेव्हा पत्रात ‘आम्ही विचारायला हवं होतं’ एवढंच खरेपणाने लिहिता आलं असतं. न केलेल्या चुकीचीही माफी मागितली की, खरी चूक होते तेव्हाच्या माफीला वजन राहत नाही. आणि वस्तूमुळे कुणाला ॲलर्जी होऊन दवाखान्यात जावं लागलं असतं, तर पत्र आणि २६० रुपयांवर ते भागलं नसतं. तिथे दवाखान्याचा खर्च विचारावा लागतो, आणि ग्राहकाचं समाधान झालं नाही तर तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यासाठीच आहे. तो बिलावर छापायला दुकानदार कचरतात. मी मालकांना छापायला सांगितला आहे, अजून त्यांनी ठरवलेलं नाही.

बुधवारी सव्वादहाला पोरगा शेंगदाण्याचा डबा घेऊन गेला. काकूंनी सोयाबीनचा डबा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी तयार ठेवला होता. थालीपिठाच्या भाजणीचं उरलेलं पाकीट मात्र त्यांनी स्वयंपाकघरात ठेवून घेतलं. द्वादशीला पारण्याच्या जेवणात काकांनी त्याचीच थालीपिठं मागून खाल्ली होती, असं त्यांनी त्या पोराला सांगितलं.

कामिका एकादशी २१ जुलैला होती. त्याआधी शुक्रवारी काकूंची यादी आली, एकच वस्तू, उपवासाची भाजणी अर्धा किलो. मालकांनी पाकीट स्वतः काढलं, स्टिकर वाचला, उजेडात धरून रंग पाहिला आणि बिलावर लाल पेनाने खूण केली. मी ते बिल त्या दिवशीच्या पानावर चढवलं.